मेकअप आर्टिस्टसाठी एक पानी बुकिंग करार: पैसे कधी, फोटो कोणाचे आणि काय काय लिहून घ्यायचं

शूट आणि इव्हेंटची कामं नवीन सुरू केलेल्या मुलींसाठी (आणि मुलांसाठी पण) हे लिहितेय. माझी सुरुवातीची दोन-तीन वर्षं सगळी कामं फोनवर ठरायची, "ताई १५ तारखेला फ्री आहेस ना, तीन मॉडेल आहेत, बजेट सांग" एवढंच. एका दागिन्यांच्या कॅटलॉग शूटचे पैसे मला चार महिन्यांनी मिळाले कारण फोटोग्राफर म्हणायचा क्लायंटकडून आले की लगेच टाकतो, आणि त्याच शूटचा फोटो मी पुण्यात एका चौकात भल्यामोठ्या होर्डिंगवर बघितला, माझ्याकडे मात्र त्या कामाचा एकही धड फोटो नव्हता. मागितला तर म्हणाले क्लायंटची परवानगी नाही. तेव्हा बसून एक पानाचा करार केला आणि तोच थोडा थोडा सुधारत आजपर्यंत वापरतेय.

फिल्म लाइनमध्ये निदान युनियन असते, तिथे कार्ड, शिफ्ट वगैरे ठरलेलं असतं (मुंबईत बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नव्हते, फक्त हेअरड्रेसर म्हणून घ्यायचे, ते २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केलं). पण कॅटलॉग शूट, साडीच्या ब्रँडचं इन्स्टा शूट, लग्न, कॉर्पोरेट इव्हेंट यात तुमच्या बाजूने कोणी नसतं. जे लिहून घ्याल तेवढंच तुमचं.

समजायला सोपं पडावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. पुण्याचा एक फोटोग्राफर, त्याला एका पैठणी ब्रँडचं कॅटलॉग शूट मिळालंय, वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात. तीन मॉडेल, प्रत्येकी दोन लुक, एक दिवस. तुम्ही आणि केसांसाठी तुमची असिस्टंट.

आधी हे ठरवा की पैसे देणार कोण

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बुक करतो फोटोग्राफर, पैसे येणार ब्रँडकडून, मधे एखादी एजन्सी पण असते, आणि काम झाल्यावर तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून कराराच्या पहिल्याच ओळीत दोन नावं, तुमचं आणि ज्याच्या खात्यातून पैसे येणार त्याचं, पूर्ण नाव, पत्ता, फोन, आणि कंपनी असेल तर कंपनीचं बिलावर असतं ते नाव. इन्स्टावरचं पेजचं नाव चालत नाही, नोटीस पाठवायची वेळ आली तर पेजला कशी पाठवणार.

आपल्या उदाहरणात फोटोग्राफर बुक करतोय म्हणजे पैसे द्यायची जबाबदारी त्याची. त्याखाली हे वाक्य टाकाच:

"ब्रँडकडून किंवा इतर कोणाकडून रक्कम मिळाली किंवा नाही याचा या कराराच्या पेमेंटशी संबंध नाही."

या एका वाक्यावर काही जण तोंड वाकडं करतात. मग सरळ म्हणायचं, ठीक आहे, ब्रँडला माझ्याशी डायरेक्ट करार करायला सांगा. बहुतेक वेळा ते ब्रँडचा नंबर द्यायला तयार नसतात आणि मग या वाक्यावर सही करतात.

मग काम किती ते

इथे "मेकअप आणि हेअर" एवढं लिहून भागत नाही. किती चेहरे, प्रत्येकी किती लुक, केस त्यात आहेत का, साडी ड्रेपिंग त्यात आहे का. साडीच्या शूटला ड्रेपिंगवाली वेगळी लागते आणि ती आणली नाही की सगळे तुमच्याकडे बघायला लागतात. तुम्हाला येत असेल आणि करायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे लावा, नसेल तर "साडी ड्रेपिंग यात नाही" असं लिहा.

वेळेचं असं की कॉल टाईम आणि पॅकअप लिहायचं, "पूर्ण दिवस" लिहायचं नाही. पूर्ण दिवस म्हणजे तुमच्या डोक्यात दहा तास आणि त्यांच्या डोक्यात उजेड जाऊन लाइट लावून पुढचे दोन शॉट. उदाहरणात कॉल टाईम सकाळी ६.३०, दहा तास, म्हणजे ४.३० पर्यंत, पुढे ओव्हरटाईम. आणि मॉडेल आठला उगवली तरी तुमचे तास ६.३० पासूनच मोजायचे, हे लिहिलेलं असलं की सेटवर वाद घालावा लागत नाही.

पैशाचा भाग

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे रेट तुमच्या गावाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे. फी १८,००० रुपये, असिस्टंटचे ३,०००, पुणे-वाई जाऊन-येऊन गाडी ४,५००. एकूण २५,५००. प्रवास आणि असिस्टंट फीमध्ये मिसळून एकच आकडा देऊ नका, कारण मग "थोडं कमी कर ना" म्हणाले की तुम्ही तुमच्याच खिशातून गाडीचे पैसे भरता. वेगळं लिहिलं की कमी करायचंच झालं तर फीमधून किती कमी करतोय ते तुम्हालाही दिसतं.

अर्धा अ‍ॅडव्हान्स, म्हणजे १२,७५०, आणि तारीख ब्लॉक होणार तो खात्यात जमा झाल्यावरच. फोनवर "कन्फर्म" म्हणणं म्हणजे कन्फर्म नाही हे करारात स्पष्ट लिहा, नाहीतर लग्नसराईत तुम्ही चांगली तारीख धरून बसता आणि आदल्या आठवड्यात कळतं की शूट पुढे गेलं. उरलेली रक्कम किती दिवसांत तेही लिहायचं. मी छोट्या फोटोग्राफरना पॅकअपनंतर ७ दिवस देते, कंपनी असेल तर बिल दिल्यापासून ३० दिवस, कारण त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना खरंच वेळ लागतो.

ओव्हरटाईम अर्ध्या तासाच्या हिशोबात ठेवा, उदाहरणात दर सुरू झालेल्या अर्ध्या तासाला १,००० रुपये. आता समजा त्या दिवशी पॅकअप झालं संध्याकाळी ६.५० ला. ४.३० च्या पुढे दोन तास वीस मिनिटं, म्हणजे पाच अर्धे तास, ५,००० रुपये. एकूण झाले ३०,५००, अ‍ॅडव्हान्स वजा जाता बाकी १७,७५०. हे पैसे मिळायचे असतील तर सेट सोडायच्या आधी एक मेसेज टाकायचा, "आजचा कॉल टाईम ६.३०, पॅकअप ६.५०, ओव्हरटाईम ५ अर्धे तास, कन्फर्म करा". थकलेलं असताना कंटाळा येतो पण तेव्हाच टाका, कारण चार दिवसांनी कोणालाच आठवत नाही की पॅकअप किती वाजता झालं आणि मग सगळ्यांना पाचच आठवतात.

कंपनी पैसे देणार असेल तर बिलातून टीडीएस कापू शकते. समजा १०,००० च्या बिलावर १,००० कापले तर घाबरू नका, ते पैसे तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा व्हायला हवेत आणि रिटर्न भरताना ते तुमच्या टॅक्समधून वळते होतात किंवा परत मिळतात. फक्त इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर ते दिसतायत का ते बघा, कापले आणि भरलेच नाहीत असंही होतं. जीएसटीचं म्हणाल तर सर्व्हिसची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही.

कॅन्सलेशन. इथे लोक एकतर काहीच लिहीत नाहीत नाहीतर "कोणत्याही कारणाने रद्द झाल्यास पूर्ण रक्कम द्यावी लागेल" असं कडक लिहितात. दुसरं दिसायला भारी वाटतं पण आपल्या काँट्रॅक्ट अ‍ॅक्टमध्ये कलम ७४ आहे, त्यानुसार करारात दंडाचा आकडा कितीही मोठा लिहिला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. म्हणून पटेल असं लिहा. माझं असं आहे: ७ दिवस आधी कळवलं तर झालेला खर्च कापून अ‍ॅडव्हान्स परत, त्यानंतर कळवलं तर अ‍ॅडव्हान्स परत नाही, पाऊस किंवा मॉडेल आजारी अशा कारणाने एकदा तारीख बदलली तर तोच अ‍ॅडव्हान्स पुढच्या तारखेला धरणार. आणि मी आले नाही तर? ते पण लिहा, सगळा अ‍ॅडव्हान्स परत, आणि त्यांना चालत असेल तरच बदली आर्टिस्ट. तुमच्या बाजूचं लिहिलं की समोरचा बाकीच्या अटींवर कमी कटकट करतो, हा माझा खरा अनुभव आहे.

फोटो कोणाचे

आता हा भाग नीट वाचा, इथे बहुतेक जणींचा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं लुक मी केला म्हणजे फोटोवर माझा पण थोडा हक्क आहे. कॉपीराईट अ‍ॅक्ट १९५७ प्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. आणि कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा, म्हणजे आपल्या उदाहरणात बहुधा ब्रँड. या सगळ्यात मेकअप आर्टिस्ट कुठेही नाही. त्यामुळे फोटो वापरायची परवानगी, क्रेडिट, काहीही आपोआप मिळत नाही, करारात लिहून घेतलं तरच आहे.

म्हणून या भागात पहिलं आपल्याला फोटो मिळण्याचं. "फोटो देतो" नाही, किती आणि कधी. मी लिहिते: प्रत्येक लुकचे किमान दोन फायनल एडिट केलेले फोटो, पूर्ण साईजमध्ये, कॅटलॉग बाहेर आल्यापासून ७ दिवसांत किंवा शूटपासून ६० दिवसांत, जे आधी होईल ते. "जे आधी होईल ते" विसरू नका, काही कॅटलॉग कधी बाहेर येतच नाहीत.

दुसरं, ते फोटो कुठे वापरणार: माझं इन्स्टा, वेबसाईट, पोर्टफोलिओ, क्लास घेत असाल तर क्लाससाठी पण, आणि हे कायमचं, नाहीतर वर्षाने कोणीतरी पोस्ट काढायला सांगतं. सेटवर तुमच्या फोनने काढलेले फोटो-व्हिडिओ पण यात लिहा. त्याबदल्यात त्यांना एक गोष्ट द्यायची, लाँचच्या आधी काहीही टाकणार नाही. ही त्यांची रास्त भीती असते, पैठणीचं नवीन डिझाईन तुमच्या स्टोरीवरून बाजारात गेलं तर त्यांचं खरंच नुकसान आहे, तेव्हा हे मनापासून पाळा. फोटोग्राफरने बुक केलं असेल तर अजून एक ओळ लागते, ब्रँडकडून ही परवानगी घेऊन देण्याची जबाबदारी फोटोग्राफरची, कारण मालक ब्रँड असेल तर फोटोग्राफरच्या एकट्याच्या हो म्हणण्याला काही अर्थ नाही. ब्रँडचा एका ओळीचा ईमेल पण पुरतो.

मॉडेलची संमती मात्र वेगळी आहे हे लक्षात ठेवा. बहुतेक मॉडेल आनंदाने हो म्हणतात, पण बिफोर-आफ्टर मधला बिफोर टाकायचा असेल तर तिला विचारल्याशिवाय कधीच टाकू नका.

तिसरं क्रेडिट. "योग्य ते क्रेडिट द्यावे" असं लिहिलं तर काही होत नाही. लिहायचं की जिथे फोटोग्राफरचं नाव येईल तिथे तिथे माझं पण येईल, हँडल अक्षर न अक्षर करारात द्यायचं, आणि कॅप्शनमध्ये टॅग, कमेंटमध्ये नाही. होर्डिंग आणि छापील जाहिरातीवर कोणाचंच नाव नसतं, तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही. उलटं पण एक कलम ठेवा: एडिटिंगमध्ये मेकअपचा रंग किंवा लुक बदलला तर माझं नाव काढायला सांगायचा हक्क मला. एकदा माझ्या साध्या न्यूड लिपवर कोणीतरी गडद मरून चढवला होता आणि खाली माझं नाव होतं, क्लायंटने फोन करून विचारलं हे तू केलंस का.

चौथं म्हणजे ही फी कोणत्या वापरासाठी आहे. उदाहरणात: कॅटलॉग, ब्रँडची वेबसाईट आणि सोशल मीडिया, १२ महिने. होर्डिंग, टीव्ही किंवा त्याहून जास्त काळ वापर झाला तर फीच्या ३० टक्के, म्हणजे ५,४०० जास्त. हे कलम मिळायला अवघड आहे हे खरं सांगते. कॉपीराईट आपला नसल्यामुळे हा फक्त पैशाचा करार आहे, ज्याने सही केली त्याच्याकडूनच मागता येतो, उद्या ब्रँडने फोटो तिसऱ्याला दिला तर त्या तिसऱ्याला आपण अडवू शकत नाही. म्हणून नवीन असाल तर माझं मत असं की छोट्या ब्रँडशी या कलमावरून भांडत बसू नका, हे सोडून द्या आणि फोटो व क्रेडिट पक्कं करा. पण एक गोष्ट सोडू नका, ती म्हणजे तुमचं नाव किंवा चेहरा वापरून कुठल्या कॉस्मेटिक्सची जाहिरात करायची असेल तर वेगळी लेखी परवानगी. सेटवर कोणी सहज व्हिडिओ काढतं, तुमच्या हातात एखाद्या कंपनीचं फाउंडेशन असतं, आणि पुढे ती तुमची शिफारस म्हणून फिरते.

कोलॅब म्हणजे फुकट शूट

इथे लोक म्हणतात पैसेच नाहीत तर करार कशाला. अहो इथे तर जास्त गरज आहे, कारण फोटो हेच तुमचं मानधन आहे. मोबदला नसलेला करार आपल्या कायद्यात सहसा टिकत नाही, म्हणून मोबदला काय ते लिहून ठेवा: इतके फोटो, या तारखेपर्यंत, प्रवास खर्च त्यांचा. आणि एक ओळ, हे फोटो विकले किंवा कुठल्या ब्रँडला दिले तर मला इतकी फी.

लग्न आणि इव्हेंटला काय बदलतं

करार तोच, तीन गोष्टी बदलतात. एक, माणसं. नवरी एक, करवली दोन असं ठरतं आणि सकाळी आत्या, मावशी, काकू सगळ्या खुर्चीवर. म्हणून ठरलेल्या नावांच्या पुढे प्रत्येकी जादा इतके, आणि वेळ उरला तरच. दोन, पैसे. शूटचे ७ दिवस इथे चालत नाहीत, मेकअप सुरू करण्याआधी पूर्ण पेमेंट, कारण एकदा अक्षता पडल्या की पैसे कोणाकडे मागायचे हेच कळत नाही, सगळे पंगतीत. तीन, फोटो. नवरीला सरळ विचारा आणि करारात दोन पर्याय ठेवा, "माझे फोटो टाकायला हरकत नाही" आणि "टाकू नयेत", तिने एकावर खूण करायची. नाही म्हणाली तर विषय संपला.

पाठवायचा कसा आणि स्टँपचं काय

पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवर पाठवा, सोबत लिहा "वाचून 'मान्य' असं उत्तर द्या, अ‍ॅडव्हान्स जमा झाल्यावर तारीख पक्की". इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार केवळ तेवढ्या कारणाने अमान्य होत नाही, हे आयटी अ‍ॅक्टमध्ये स्पष्ट आहे. सही असली तर उत्तमच, नसली तर ते "मान्य" आणि जमा झालेला अ‍ॅडव्हान्स हा तुमचा पुरावा, तेव्हा ते चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या. फोनवर काही बदल ठरला तर लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा. स्टँपबद्दल नेहमी विचारतात. स्टँप नाही म्हणून करार रद्द होत नाही, कोर्टात पुरावा म्हणून दाखवायचा झाला तर ड्युटी आणि दंड भरावा लागतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० चा स्टँप झालाय, त्यामुळे छोट्या कामाला कोणी लावत नाही, मोठं काम किंवा वर्षभराचं काम असेल तर मी लावते.

पैसे अडकले तर

आधी बिल, मग तारीख संपल्यावर दुसऱ्या दिवशी साधा मेसेज ज्यात कराराची तारीख, रक्कम आणि पेमेंटची ओळ जशीच्या तशी. चिडून लिहू नका, हा मेसेज पुढे कोणीतरी तिसरा माणूस वाचणार आहे असं समजून लिहा. १५ दिवसांत काही नाही तर ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र.

आणि एक काम आजच करून ठेवा, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. udyamregistration.gov.in वर होते, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे लेखी ठरलेल्या तारखेला पैसे मिळाले पाहिजेत, आणि करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. लेखी तारीख नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर करता येते. काम घेण्याआधी नोंदणी असलेली बरी, नंतर केली तर त्यावरून वाद होतात. बिलावर उद्यम नंबर छापा, कंपनीचे अकाउंट्सवाले तो नंबर बघून बिल जरा वर घेतात कारण उशीर केला तर त्यांनाही त्या खर्चाची टॅक्समध्ये वजावट मिळायला अडचण येते.

वाईच्या उदाहरणातला फोटोग्राफर आठव्या दिवशी गप्प बसला तर त्याला पाठवायचा मेसेज एवढाच: "१५ तारखेच्या शूटचे एकूण ३०,५००, अ‍ॅडव्हान्स १२,७५०, बाकी १७,७५०. करारानुसार पॅकअपनंतर ७ दिवसांत देय होते, मुदत काल संपली. पॅकअप ६.५० चा तुमचा कन्फर्म मेसेज सोबत जोडलाय. कोणत्या तारखेला जमा होतील ते कळवा."